नाचणीच्या पुड्यातली मजुरी

जव्हारच्या कॉलेजात मी कित्येक वर्षं परिव्यय पत्रक शिकवलं. परिव्यय पत्रक म्हणजे एखादी वस्तू बनवायला काय खर्च आला आणि ती कितीला विकावी, याचा पायरीपायरीने मांडलेला हिशोब. बाजारात त्याला सगळे कॉस्टशीटच म्हणतात. कच्चा माल अधिक प्रत्यक्ष मजुरी म्हणजे मूळ परिव्यय. त्यात कारखान्याचा वरखर्च मिळवा, मग कचेरीचा, मग विक्रीचा, आणि शेवटी नफा घालून विक्री किंमत. ही शिडी मी फळ्यावर इतक्या वेळा काढली आहे की झोपेतही काढीन. पुस्तकातल्या उदाहरणांत एक कंपनी असायची. ती खुर्च्या बनवायची, नाहीतर साबण, नाहीतर पंखे. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी कुणी कारखाना आतून पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही पाहिला नव्हता. आमच्या साखरशेत गावात भात आणि नाचणी पिकायची, आणि त्यांचा परिव्यय काढायची कुणाला गरज पडली नव्हती. काढला असता तर दुसऱ्या वर्षी कुणी पेरणी केली नसती.

तरीही मी शिकवत राहिले. पगार चालू होता आणि मुलं पास होत होती. एकूण काय, सगळ्यांचं बरं चाललं होतं.

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले असतील, एक बाई स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मोखाड्याच्या पलीकडच्या एका वरच्या पाड्यावरची. तिची मुलगी माझ्याकडे शिकून गेलेली, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. पाड्यावरच्या महिला बचत गटाची ती अध्यक्ष. गटाला कुठल्याशा योजनेतून भट्टी मिळाली होती, म्हणजे बिस्किटं भाजायची विजेची भट्टी, आणि पीठ मळायचं यंत्र. त्या बायका नाचणीची बिस्किटं करायच्या आणि मोखाड्याच्या आठवडेबाजारात विकायच्या.

तिने पिशवीतून एक पुडा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हापिसात सांगतात कॉस्टशीट आना. वसतिगृहाच्या पोरांना आमची बिस्किटं घेनार हायेत. पन कॉस्टशीट पायजे. पोरगी बोलली, आमच्या मॅडमना येते."

मी म्हटलं, येते. शिकवायला येते, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावर वीटभट्टीचा मुकादम येतो. उचल देतो, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आणि माणसं भिवंडीकडच्या भट्ट्यांवर घेऊन जातो. पाऊस तोंडावर आला की माणसं परत येतात. हिशोबाला बसलं की उचल आधी कापली जाते, मग खुराकी, म्हणजे खाण्यापिण्याचे पैसे, कापली जाते, आणि उरतं ते मुकादम सांगेल तेवढं. या वर्षी तिने गटातल्या बायकांना थांबवून धरलं होतं. बिस्किटांची ऑर्डर येते आहे, वीटभट्टीवर जायचं नाही, पोरांची शाळा बुडवायची नाही. मुकादम एकदा येऊन गेला होता. पुन्हा येणार होता.

"तेवा ऑर्डर नाय झाली," ती म्हणाली, "तं माझ्या तोंडाकडं बगून थांबलेल्या सगळ्या जातील. मीबी जाईन. मंग त्यांना परत कुन्या तोंडानं सांगू, थांबा म्हनून?"

हे ऐकून मला राग आला. तिच्यावर नाही. कुणावर ते नीट कळलं नाही, पण माझा राग असाच येतो, आधी येतो आणि मग माणूस शोधतो.

पुढच्या रविवारी मी मोखाड्याला गेले आणि तिथून वडापच्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन पाड्यावर पोहोचले. एक खोली, तिच्यात भट्टी, यंत्र, ट्रे, आणि भाजलेल्या नाचणीचा तो वास. आल्याआल्या पितळीत बिस्किटं पुढे आली. मी खात असताना आणखी दोघी आल्या, त्यांनाही दिली. एक म्हातारा बकऱ्या घेऊन चालला होता, त्यालाही बोलावून दिली. मी वही काढली आणि विचारलं, अशी रोज किती जातात? सगळ्या हसल्या. आल्यागेल्याला दिलेलं मोजायचं असतं का, असा तो चेहरा. पुस्तकात याला सामान्य नुकसान म्हणतात, आणि ते चांगल्या मालाच्या किमतीत मुरवायचं असतं. मी मुरवलं. त्यांना सांगितलं नाही, उगाच द्यायच्या थांबल्या असत्या.

कच्च्या मालाचा हिशोब सुरेख जमला. नाचणी, गव्हाचं पीठ, गूळ, वनस्पती तूप, दूध पावडर आणि वरचा छापील कागद. महिन्याला शंभर ग्रॅमचे तीन हजार पुडे धरले, तर पुड्यामागे नऊ रुपये. त्यांनी एकूण एक पावती जपून ठेवली होती. माझ्या वर्गातली मुलं इतक्या नीट वह्या ठेवत नाहीत.

मग मी दुसरी ओळ लिहिली, प्रत्यक्ष मजुरी, आणि विचारलं, मजुरी किती देता?

"कुनाला?" अध्यक्षबाई म्हणाली.

"काम करणाऱ्यांना."

"काम तं आमीच करतो."

मग उलगडा झाला. त्या पाळीपाळीने यायच्या, रोज चौघी. जिला जमायचं नाही तिच्या बदली दुसरी यायची, आणि ती बदली फेडली जायची शेतात. आज माझ्यासाठी तू बिस्किटं लाटलीस, तर आवणीला, भाताची रोपं लावायला, मी तुझ्या चिखलात उतरेन. आमच्याकडे शेताला हीच सावड चालते. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. माझी आई अशीच राबली, तिला कुणी मजुरी दिली नाही आणि तिनेही कुणाला दिली नाही. बिस्किटांची भट्टी आली तेव्हा बायकांनी सावड उचलून तशीच भट्टीवर नेली. महिनाअखेर खर्च जाऊन जे उरेल ते सगळ्या सारखं वाटून घ्यायच्या. कमीजास्त कोण आली याची कुठे नोंद नव्हती, कारण ती सगळ्यांना तोंडपाठ होती.

मी वहीत डोकं घालून बसले. या दुसऱ्या ओळीत मी काय लिहू? गेल्या आवणीचा चिखल?

शेवटी मी साधा विचार केला. या चौघींऐवजी बाहेरच्या चौघी लावल्या असत्या, तर प्रत्येकीला रोजचे तीनशे रुपये द्यावे लागले असते. महिन्याचे वीस दिवस धरले तर चोवीस हजार, म्हणजे पुड्याला आठ रुपये. मूळ परिव्यय झाला सतरा. कारखान्याच्या वरखर्चात भट्टीची वीज, खोलीचं भाडं, यंत्रांची झीज आणि किरकोळ दुरुस्ती, सगळं मिळून पुड्याला दोन रुपये. एकोणीस. कागदपत्रं, परवाना आणि जीपचं भाडं मिळून दीड रुपया. साडेवीस. त्यावर दहा टक्के नफा धरला तर बावीस रुपये पंचावन्न पैसे. सुट्या पैशांचा घोळ नको म्हणून तेवीस.

मी आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मजुरीचे आठ ऐकून एक बाई दुसरीला म्हणाली, "आपलं काम आठ रुपयांचं हाय बग." दुसरी म्हणाली, "पुड्याचं गं. दिवसाचं तीनशे." आपण खात असलेल्या बिस्किटात आपणही आहोत, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि त्या खुशीत मी पितळीतली आणखी तीन बिस्किटं खाल्ली.

पत्रक घेऊन मी आणि अध्यक्षबाई वसतिगृहाची खरेदी करणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. तिथले लेखाविभागाचे साहेब भले माणूस होते. हे मी उपहासाने म्हणत नाही, तो माणूस खरंच भला होता. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि नमुन्यासाठी मागवलेले पुडे चहाबरोबर फोडले. सगळ्या विभागाने नमुना तपासला, एकदा नाही, दोनदा. बिस्किटं उत्तम आहेत याबद्दल त्या मजल्यावर एकमत झालं.

मग साहेबांनी माझं पत्रक त्यांच्या संगणकातल्या नमुन्यात भरायला घेतलं. नमुना वरून आलेला होता. वरून म्हणजे कुठून, ते कुणी विचारत नाही. कच्चा माल नऊ, भरला. मजुरीवर येऊन ते थांबले.

"मॅडम, मजुरी कुणाला दिली?"

"सदस्यांना. काम त्या करतात."

"पण गट त्यांचा. म्हणजे त्या मालक. मालक स्वतःला मजुरी कशी देणार? हजेरीपत्रक आहे? मजुरी दिल्याची व्हाउचरं?"

मी सांगितलं की दिलेली नाही, पण धरायला हवी. मालकाच्या श्रमालाही किंमत असते. हे शास्त्रात आहे.

"शास्त्रात त्याला काय म्हणतात?" त्यांनी अगदी खऱ्या उत्सुकतेने विचारलं.

मला उत्तर येत होतं, आणि ते द्यायची लाज वाटली. पुस्तकात त्याला काल्पनिक खर्च म्हणतात. मी ते हळू आवाजात सांगितलं.

"मग झालं तर," ते म्हणाले. "काल्पनिक खर्चाला मी मंजुरी कशी देऊ?" आणि त्यांनी मजुरीच्या रकान्यात शून्य टाकलं.

शून्य टाकताच खालचा आकडा आपोआप बदलला. कारखान्याच्या वरखर्चाचे माझे दोन रुपये गेले आणि तिथेही शून्य आलं. मी म्हटलं, हे काय झालं? साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग समजावून सांगितलं. नमुन्यात कारखान्याचा वरखर्च मजुरीच्या पंचवीस टक्के बसवलेला आहे. मजुरी शून्य तर तिचे पंचवीस टक्केही शून्य.

"पण भट्टीला वीज लागते," मी म्हटलं. "बिल येतं. हे बघा बिल."

"बिल बरोबर आहे मॅडम. पण सूत्र बंद आहे. मला तो रकाना उघडता येत नाही."

मजुरीचे पंचवीस टक्के ही पद्धत मीच वर्षानुवर्षं शिकवली आहे. मोठ्या कारखान्यात वरखर्च वाटून घालायला ती सोयीची असते. अट एवढीच की मजुरी असली पाहिजे. ही अट पुस्तकात लिहिलेली नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला फुकट राबणारा कारखाना सुचला नव्हता.

नऊ रुपयांचा माल, शून्य मजुरी, शून्य वरखर्च, दीड रुपया इतर. साडेदहा. दहा टक्के नफा. विक्री किंमत अकरा रुपये पंचावन्न पैसे.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले, "नफाही दिलाय. आणि दर असा बसलाय की बाजारच्या बिस्किटांशी टक्कर देईल."

अध्यक्षबाई माझ्याकडे बघत होती. तिला आकड्यांची भाषा कळत होती, फक्त ती खात्री करून घेत होती. मी तिला सांगितलं की या दराने तुम्ही फुकट राबलात तरी माल, वीज, भाडं आणि जीप मिळून साडेबारा रुपये खर्च होणार. म्हणजे दर पुड्यामागे पंच्याण्णव पैसे तुम्ही वसतिगृहाला दान देणार. तीन हजार पुड्यांना किती होतात, ते तिने स्वतःच काढलं.

"मंग वीटभट्टी बरी," ती म्हणाली. "तिथं निदान आपल्या घरचं जात नाय."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. पण सूत्राला वाईट वाटत नव्हतं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे, तोवर मजुरी दिल्याचे कागद आणलेत तर मी रकाना भरीन. पण मजूर सदस्य नको. बाहेरचा हवा.

परतताना जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मी धुसफुसत होते. ज्या बाईचं काम जगात सगळ्यांना लागतं, ते काम तिने स्वतःच्या दारात केलं की काल्पनिक, आणि दुसऱ्याच्या दारात केलं की खरं. मी तिरसटपणे म्हटलं, "मग एकच उपाय. तुम्ही खालच्या पाड्यावर जा मजुरीला, आणि खालच्या पाड्यावरच्या बायका तुमच्याकडे येऊ देत. दोन्ही गट एकमेकांना व्हाउचर द्या."

खालच्या पाड्यावरही असाच गट होता. त्या बायका नाचणीचे पापड करायच्या, आणि त्यांचं प्रकरणही त्याच कचेरीत त्याच शून्यावर अडकलं होतं. माझं बोलणं सगळ्या व्यवस्थेवरची मळमळ होती. त्यात सूचना अशी काही नव्हती.

तिने ते सरळ घेतलं.

"चालंल," ती म्हणाली. "आवणीला जातोच की तशा आमी."

मी तिला म्हटलं, अहो, मी वैतागून बोलले. ती म्हणाली, वैतागून बोललात तरी बरोबर बोललात. तिने मला विचारलं, यात काही खोटं आहे का? मी विचार केला. बायका खरंच येतील, खरंच राबतील, पैसे खरंच हातात पडतील. खोटं काहीच नव्हतं. फक्त सावडीला पहिल्यांदा पावती मिळणार होती.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. वरच्या पाड्यावरच्या चौघी सकाळी उतार उतरून पापड लाटायला जायच्या, खालच्या चौघी त्याच वाटेने चढ चढून बिस्किटं करायला यायच्या. मध्ये आंब्याच्या झाडाशी त्यांची गाठ पडायची. तिथे थोड्या गप्पा व्हायच्या, मग या खाली आणि त्या वर. पहिले दोन दिवस बिस्किटं जाड झाली आणि पापड वाकडे झाले, कारण हात बदलले होते. शेवटी वरच्या पाड्यावरची एक बाई बिस्किटं शिकवायला थांबली आणि खालची एक पापड शिकवायला. हजेरीपत्रक मी आखून दिलं. एका गटाने पैसे दिले, दुसऱ्याने घेतले, आणि दुसऱ्याने दिले, पहिल्याने घेतले. दोन्ही गटांच्या थोड्याशा शिलकीतले तेच पैसे चढउतार करत राहिले. सह्या मात्र सगळ्या खऱ्या होत्या.

कागद पाहून साहेब मनापासून खुश झाले. त्यांनी मजुरीच्या रकान्यात आठ टाकले, खाली आपोआप दोन आले, आणि पुढे सगळं माझ्या पत्रकासारखं होत गेलं. तेवीस. समितीत एकाने विचारलं की दोन्ही पाडे एकमेकांकडेच कसे काय मजुरीला जातात? साहेब म्हणाले, परिसरात रोजगारनिर्मिती होते आहे. हे वाक्य इतिवृत्तात गेलं. मी तिथे होते, हसू आवरताना माझे डोळे भरून आले, आणि ते हसण्यामुळेच होतं असं मी स्वतःला सांगितलं.

ऑर्डर झाली ती अशी.

मुकादम आला त्या दिवशी मी पाड्यावर होते. पहिला माल जायचा होता, आणि पत्रक माझं असल्याने खोकी मोजायची जबाबदारी मी माझ्याच गळ्यात अडकवून घेतली होती. टेम्पो खाली रस्त्याला लावून तो वर आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात उचलीची वही. भला माणूस तोही असेल, मला माहीत नाही. त्याने विचारलं, किती जणी येताय? अध्यक्षबाईने सांगितलं, या पाड्यावरून कुणी नाही. त्याने खालच्या पाड्याचं विचारलं. तिथूनही नाही. तो थोडा हसला. म्हणाला, होळीपर्यंत टिकलात तर बघू. मग खोक्यांकडे पाहून म्हणाला, ही कसली बिस्किटं?

मला वाटलं, आता पितळी येणार. आल्यागेल्याला द्यायची तिची सवय मी पाहिली होती, आणि मी मनातल्या मनात सामान्य नुकसानात एक पुडा लिहूनही टाकला.

"नाचणीची," ती म्हणाली. "तेवीस रुपये."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खिशात हात घालून वीसची नोट आणि तीन नाणी काढली, आणि पुडा घेतला. उचल नव्हती, खुराकी नव्हती, वही उघडायची नव्हती. तिने पैसे मोजले नाहीत, मुठीत धरले.

इतकी वर्षं त्या माणसाने तिला मजुरी दिली होती ती नेहमी काहीतरी कापून. त्या तेवीस रुपयांत मजुरीचे आठ होते, आणि ते पुरे आठ होते. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, हे विक्रीत लिवा," आणि खोकी उचलायला लागली.